साखर शून्य, मग बाबांची साखर वाढते कशाने? (लेबल शिकवणाऱ्या एक मिनिटाच्या व्हिडिओसाठी मदत हवी)

मीनल_नेरूळ (धागाकर्ती)

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी महिनाभरापासून छोटे व्हिडिओ टाकतेय. वेष्टनातल्या खाण्याच्या पाकिटाची मागची बाजू कशी वाचायची, एवढंच. एका व्हिडिओत एकच घटक, एका मिनिटाच्या आत, मराठीत. पहिला पामतेलावर होता, दुसरा सॉसमधल्या मिठावर. दोन्ही बऱ्यापैकी बघितले गेले. तिसऱ्यावर घोडं अडलंय.

विषय घरातूनच आला. बाबांना बारा वर्षं मधुमेह आहे. माझ्या भावाने त्यांना नाचणीची 'नो ॲडेड शुगर' बिस्किटं आणून दिली. बाबा खूश. सकाळच्या चहाबरोबर तीन, संध्याकाळी दोन. परवा सकाळी दोन तासांनी साखर तपासली तर २१४. आई म्हणाली, बिस्किटांनीच झालं. भाऊ म्हणाला, त्यात साखर शून्य आहे, वाच. मी वाचलं.

मागे सामग्री अशी आहे: मैदा ४६ टक्के, खाद्य वनस्पती तेल (पाम), माल्टिटॉल, माल्टोडेक्स्ट्रिन, नाचणीचं पीठ ६ टक्के, गव्हाचा कोंडा, दुधाची पावडर, फुगवणारे पदार्थ ५००(ii) आणि ५०३(ii), ३२२, मीठ, सुक्रालोज. पोषणाच्या तक्त्यात १०० ग्रॅमला ऊर्जा ४५० किलोकॅलरी, कर्बोदकं ६५ ग्रॅम, त्यात एकूण साखर १.६, घातलेली साखर ०, पॉलिऑल १२, प्रथिनं ७, चरबी २०.

समोर नाचणीचं कणीस छापलंय आणि आत नाचणी ६ टक्के, हे आधीच बघून मी गार पडले. पण व्हिडिओ माल्टोडेक्स्ट्रिनवर करायचा आहे. मी लिहिलेलं शेवटचं वाक्य असं: "साखर शून्य लिहून कंपनी तुम्हाला दुसऱ्या नावाने साखरच खाऊ घालतेय." हे बरोबर आहे का? कुणी या क्षेत्रातलं असेल तर सांगा.

शुद्ध_देशी_७१

अगदी बरोबर आहे, ताई. बिनधास्त टाका. माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे साखरच, साखरेपेक्षाही वाईट. सरळसरळ फसवणूक आहे, एफएसएसएआयकडे तक्रार करा. आणि ते ५००, ५०३, ३२२ हे आकडे बघितले का? जे नाव आजीला वाचता येत नाही ते पोटात घालू नये, हा साधा नियम आहे. सगळी रसायनं. आमच्या घरी आकडा दिसला की पाकीट परत फडताळावर.

सीवूड्स_आजी

मीनल, चांगलं काम करते आहेस गं. मला एक सांग, आमच्या इथल्या बेकरीतून मी खारी आणि नानकटाई आणते, त्याच्या पिशवीवर काहीच लिहिलेलं नसतं. ते लेबल कुठे बघायचं?

रीळमास्तर

व्हिडिओबद्दल बोलतो, बाकीचं जाणकार बघतील. तुमचे आधीचे दोन बघितले. दुसऱ्यात पाकिटाच्या चकचकीत कागदावर ट्यूबलाइटचा पट्टा पडलाय, सोडियमचा आकडा दिसतच नाही. ज्यासाठी व्हिडिओ केला तोच आकडा गायब! पाकीट कापून सपाट करा, पाटावर चारी कोपरे चिकटपट्टीने लावा, दिवा बंद करा आणि खिडकीचा उजेड बाजूने येऊ द्या. आणि बोट अक्षराच्या खाली ठेवा, वर नको. तुमची अंगठी निम्मी ओळ झाकतेय.

दुकानात शूट करू नका. मी एकदा इथल्याच एका मोठ्या दुकानात मोबाइल काढला तर दोन मिनिटांत सुरक्षारक्षक खांद्यावर हात ठेवून उभा. पाकीट विकत घ्या, घरी या.

भट्टीवाला

मीनलताई, मी तुर्भ्याच्या एमआयडीसीत एका बिस्किटांच्या कारखान्यात बावीस वर्षं काढली, त्यातली शेवटची सात नवीन माल बनवण्याच्या विभागात. म्हणजे हे असलं पाकीट मीही बनवलेलं आहे. वाईट वाटून घेऊ नका, पण तुमचं शेवटचं वाक्य टाकू नका. ते अर्धं खरं आहे आणि अर्ध्या खऱ्यावर वकील जगतात.

माल्टोडेक्स्ट्रिन हे मक्याच्या किंवा साबुकंदाच्या स्टार्चचे तुकडे करून केलेली पांढरी भुकटी. चव जवळजवळ नाहीच. पोटात गेलं की त्याचं ग्लुकोज होतं आणि तेही झटकन. तिथपर्यंत देशीसाहेबांचं बरोबर. पण तक्त्यातली 'साखर' ही ओळ फक्त लहान रेणूंची असते: ग्लुकोज, फ्रुक्टोज, ऊस-साखर, दुधातली साखर, असल्यांची. माल्टोडेक्स्ट्रिनच्या साखळ्या त्याहून लांब, म्हणून ते त्या ओळीत येत नाही, वरच्या 'कर्बोदकं' या ओळीत येतं. म्हणजे 'घातलेली साखर ०' हे खोटं नाही. नियमाप्रमाणे बरोबर आहे आणि मधुमेह्यासाठी अपुरं आहे. व्हिडिओत हे दोन्ही सांगता आलं तर मजा आहे.

आता ते घालतात का, ते सांगतो. साखर नुसती गोडीसाठी नसते. बिस्किटाला वजन, कुरकुरीतपणा, वरचा तांबूस रंग हे सगळं साखर देते. ती काढली की पिठाच्या गोळ्यात मोठी पोकळी पडते. सुक्रालोज चिमूटभर लागतं, ते गोडी देतं पण पोकळी भरत नाही. मग माल्टिटॉल घालतात, ते पॉलिऑल या प्रकारातलं, बरंचसं साखरेसारखं वागतं, पण महाग. उरलेली जागा माल्टोडेक्स्ट्रिनने भरतात, ते स्वस्त.

आकडेमोड उद्या लिहितो, जेवायला बोलावतायत.

निवृत्त_टेलिफोन

भट्टीवाले साहेब, माल्टिटॉलबद्दल लिहाच. माझा अनुभव सांगतो. ठाण्याहून पुण्याला निघालो होतो, गाडीत भूक लागली म्हणून असल्याच बिनसाखरेच्या क्रीमच्या बिस्किटांचा अख्खा पुडा संपवला. म्हटलं, साखर नाहीच, काय बिघडतं. लोणावळ्याच्या आधी दोनदा गाडी थांबवावी लागली. मुलगा अजून चिडवतो. घरी येऊन भिंग घेऊन वाचलं तर बारीक अक्षरात लिहिलेलं, पॉलिऑलने जुलाब होऊ शकतात. ही अक्षरं भिंगाशिवाय वाचता येत नाहीत यावर एक वेगळा व्हिडिओ करा.

मीनल_नेरूळ

काका, हसू आवरेना, माफ करा. आमच्याही पाकिटावर ती ओळ आहे, अगदी शिवणीजवळ. बाबांचं पोट दोन आठवडे बिघडलेलं होतं आणि आम्ही सोसायटीच्या टाकीला दोष देत होतो!

आजी, खारीचं विसरले नाहीये. सुटा माल काउंटरवरून कागदात बांधून दिला तर त्याला पाकिटासारखं लेबल लागत नाही. पण बेकरीने आधीच पिशवीत भरून, सील करून मांडलेला असेल तर त्यावर सामग्री आणि तारीख हवी. तुम्ही घेता ती कशी असते?

सीवूड्स_आजी

पिशवीचं तोंड मेणबत्तीवर चिकटवलेलं असतं गं. तारीख नसते. मालक म्हणतो, आजी, आजचंच आहे. रोज तेच म्हणतो.

भट्टीवाला

आजी, मग त्याला लेबल लागतं. सांगून बघा. तो ऐकेल असं वाटत नाही. मिठाईच्या दुकानात सुट्या मिठाईच्या ट्रेवरसुद्धा 'कधीपर्यंत खावी' ही तारीख लावायचा नियम १ ऑक्टोबर २०२० पासून आहे, किती जण लावतात ते तुम्ही आम्ही बघतोच.

आता मीनलताईंची आकडेमोड. पाकिटावर माल्टोडेक्स्ट्रिन किती हे लिहिलेलं नाही, पण काढता येतं. सामग्री नेहमी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायची असते. यादीत माल्टोडेक्स्ट्रिनच्या नंतर नाचणी आहे, ती ६ टक्के. त्याच्या आधी माल्टिटॉल आहे, तक्त्यात पॉलिऑल १२ दिसतंय. म्हणजे माल्टोडेक्स्ट्रिन ६ आणि १२ च्या मध्ये कुठेतरी. (सामग्रीचे टक्के कच्च्या मालाचे असतात, भट्टीत पाणी उडतं, म्हणून थोडं इकडेतिकडे. व्हिडिओपुरतं चालेल.) नाचणीचा आकडा त्यांना छापावाच लागतो, कारण कणसाचं चित्र समोर आहे. ज्या घटकाची जाहिरात कराल त्याचा टक्का सांगा, असा नियम आहे. तो आकडा इथे आपल्याला मोजपट्टी म्हणून फुकट मिळतो.

बाबा पाच बिस्किटं खातात. एक बिस्किट किती ग्रॅमचं?

मीनल_नेरूळ

पाकिटावर एक वाढणी म्हणजे २ बिस्किटं, १६ ग्रॅम. म्हणजे एक ८ ग्रॅमचं. आत्ता काट्यावर ठेवून बघितलं, पाच बरोबर ४० भरली.

भट्टीवाला

उत्तम. ४० ग्रॅममध्ये माल्टोडेक्स्ट्रिन अडीच ते पावणेपाच ग्रॅम. म्हणजे जास्तीत जास्त एक चमचा. आता मैदा बघा. ४६ टक्के म्हणजे ४० ग्रॅममध्ये साडेअठरा ग्रॅम मैदा, त्यातला स्टार्च तेरा-चौदा ग्रॅम. मैद्याचंही पोटात ग्लुकोजच होतं आणि तो काही रांगेत उभा राहत नाही.

म्हणून म्हणतो, खलनायक चुकला. माल्टोडेक्स्ट्रिनचं नाव परदेशी वाटतं म्हणून आपण त्याच्यावर तुटून पडतो, आणि यादीत पहिल्या नंबरवर मैदा बसलाय त्याच्याकडे लक्ष जात नाही. बाबांच्या पाच बिस्किटांत एकूण कर्बोदकं २६ ग्रॅम. त्यातलं माल्टिटॉल पावणेपाच ग्रॅम बाजूला काढा, ते अर्धवटच साखर वाढवतं. तरी एकवीस उरतात. घरच्या एका मध्यम पोळीत साधारण एवढीच असतात. म्हणजे बाबा चहाबरोबर रोज एक जास्तीची पोळी खातायत आणि तिला हिशेबात धरत नाहीत, कारण समोर 'साखर नाही' लिहिलंय.

साध्या गोड बिस्किटांत १०० ग्रॅमला कर्बोदकं ७५ च्या आसपास असतात. ४० ग्रॅमला ३०. तुलनेला हेही सांगा. तीस विरुद्ध सव्वीस. फायदा शून्य नाही, पण भावाला वाटतो तेवढा नाही.

शुद्ध_देशी_७१

तुम्ही कारखान्यातले, कारखान्याचीच बाजू घेणार. माल्टोडेक्स्ट्रिनची गती ग्लुकोजइतकी आहे हे तुम्हीच कबूल केलंत, मग एक चमचा काय आणि दोन काय. आणि सरकारने बोर्नव्हिटावर बंदी घातलीच ना? उगाच घातली का?

भट्टीवाला

बंदी घातलेली नाही हो, ते आजही वाण्याकडे मिळतं. एप्रिल २०२३ मध्ये रेवंत हिमतसिंगका यांनी त्यातल्या साखरेवर व्हिडिओ केला, कंपनीची कायदेशीर नोटीस आली, त्यांनी व्हिडिओ काढला. नंतर कंपनीने साखर कमी केली. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन दुकानांना सांगितलं की असली पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदराखाली ठेवू नका, कारण अन्नसुरक्षा कायद्यात तशी व्याख्याच नाही. सदर बदललं, माल तोच.

आणि चमच्याचा फरक पडतो. चहात टाकायच्या गोड पुडीत बहुतेक भरण माल्टोडेक्स्ट्रिन किंवा त्याच्या भाऊबंदांचंच असतं, पण पुडी एक ग्रॅमची. तिथे घाबरायचं कारण नाही. तेच ताकद वाढवायच्या पावडरीत यादीत पहिलं असेल आणि तुम्ही तीस ग्रॅमचा डबल चमचा दुधात घालत असाल, तर मी तुमच्यापेक्षा मोठ्याने ओरडेन. नाव एकच, जागा वेगळी. ५००(ii) म्हणजे आपला खायचा सोडा आणि ३२२ म्हणजे बहुतेक वेळा सोयाबीनचं लेसिथिन. आजीला हे आकडे वाचता येत नसतील, पण सोडा तिने ढोकळ्यात घातलेला आहे.

सीवूड्स_आजी

मी इनो घालते.

रीळमास्तर

आजी, जिंकलात.

मीनल, आता हे सगळं एका मिनिटात बसवायचं तर माल्टोडेक्स्ट्रिनला काढून टाकू नका, त्याला दार म्हणून वापरा. लोक त्या नावासाठी थांबतील, आकड्यासाठी नाही. मी असा विचार करतोय: पहिले पाच सेकंद पाच बिस्किटं काट्यावर, आकडा ४०, तुम्ही काहीच बोलायचं नाही. मग पाकिटाची पुढची बाजू, 'साखर नाही'. मग मागची, बोट माल्टोडेक्स्ट्रिनवर, "हे साखरेच्या ओळीत मोजलं जात नाही, मग कुठे मोजलं जातं?" आणि बोट सरकत कर्बोदकांच्या ओळीवर. ६५. तिथे थांबा. शेवटचा शॉट ताटलीत पाच बिस्किटं आणि शेजारी एक पोळी. सल्ला देऊ नका, फक्त दाखवा.

वाशीची_पोषणवाली

मी मधुमेही पेशंटना आहार सांगते, म्हणून दोन शब्द. पोळी शेजारी ठेवायची कल्पना छान आहे, पण ती कणकेची पोळी आहे, भाजीबरोबर खाल्ली जाते, तिचा चढ हळू असतो. "पाच बिस्किटं म्हणजे एक पोळी" असं ऐकून कुणीतरी पोळी सोडेल आणि बिस्किटं खाईल, हिशेब जुळला म्हणून! हे माझ्याकडे खरोखर घडलेलं आहे. "कर्बोदकांच्या बाबतीत" हे शब्द घालाच.

दुसरं, बाबांची २१४. ती दोन तासांनी घेतली, पण त्या सकाळी त्यांनी आणखी काय खाल्लं होतं?

मीनल_नेरूळ

विचारलं. आधी नाही सांगितलं, आता कबूल केलं. उपमा. वाटीभर. आणि चहात आई अर्धा चमचा साखर घालते, कारण "बिनसाखरेचा चहा म्हणजे औषध".

वाशीची_पोषणवाली

मग ती २१४ व्हिडिओत घालू नका. बिस्किटांनी वाढली की उप्म्याने, हे त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही. बिस्किटांचं बघायचंच असेल तर एक दिवस नुसती बिस्किटं आणि बिनसाखरेचा चहा, आधी एकदा आणि दोन तासांनी एकदा तपासा. तेही बाबांच्या डॉक्टरांना विचारून. गोळ्या चालू आहेत ना, उपाशीपोटी प्रयोग नकोत.

निवृत्त_टेलिफोन

पण मग ब्रँड दाखवायचा की नाही? नाव झाकून काय उपयोग, लोक दुकानात जाऊन कुठलं पाकीट उलटं करणार?

भट्टीवाला

माझं मत, झाका. तुम्ही वाचायला शिकवताय, पाकीट पाडायला नाही. याच प्रकारची चार-पाच पाकिटं बाजारात आहेत आणि मागची बाजू जवळपास सारखीच.

रीळमास्तर

असहमत. लेबल जसंच्या तसं वाचलं, विशेषण लावलं नाही, तर दाखवायला काय हरकत? झाकलेलं पाकीट बघून लोक म्हणतात, कुठलं तरी फालतू असेल, आमचं नाही.

शुद्ध_देशी_७१

पहिल्यांदाच रीळमास्तरांशी सहमत. दाखवा.

मीनल_नेरूळ

मी झाकलं. भित्री म्हणा. सोसायटीत तीन वकील आहेत आणि त्यातला एक त्याच बिस्किटांचा चाहता निघाला.

व्हिडिओ काल रात्री टाकला, ५८ सेकंद. शेवटचं वाक्य काढून टाकलं. त्याऐवजी: "घातलेली साखर शून्य आहे, खरं आहे. आता दोन ओळी वर वाचा." पोळी ठेवली, आणि "कर्बोदकांच्या बाबतीत" हेही म्हटलं. ग्रुपवर पहिला प्रश्न आला की काटा कुठून घेतला, केवढ्याला पडला. दुसरा प्रश्न, पोळी एवढी जाड का.

बाबा आता दोनच खातात. बाकीची तीन आई खाते, तिला मधुमेह नाही असं तिचं म्हणणं आहे, तपासलं कधीच नाही.

भट्टीवाला

व्हिडिओ बघितला. चांगला जमलाय. एक गोची आहे. ४१ व्या सेकंदाला तुम्ही "शंभर ग्रॅममध्ये" म्हणता आणि बोट शेजारच्या रकान्यावर आहे, तो वाढणीचा, १६ ग्रॅमचा. तिथे १०.४ लिहिलंय. थांबवून बघणारा माणूस म्हणेल, शंभर ग्रॅमला दहाच? मग हरकत नाही, आण अजून एक पुडा.

मीनल_नेरूळ

अरे देवा. तीनदा बघितला होता. अंगठीकडेच लक्ष होतं.

हटवला. शनिवारी खिडकीत ऊन येईल तेव्हा पुन्हा करते.